पैसे वजा झाले, अर्ज मात्र ‘शुल्क अदा नाही’

निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील अनेक मराठी कुटुंबांचा व्यवहार दोन राज्यांच्या कचेऱ्यांशी चालतो. जमिनीचा उतारा, शिधापत्रिका, घरपट्टी ही कामे कर्नाटकाकडे. मुलामुलींच्या नोकरीचे काही अर्ज मात्र महाराष्ट्राकडे. महाराष्ट्र शासनाने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठीभाषक उमेदवारांना, तेथील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातील दाखला असल्यास, महाराष्ट्राच्या शासकीय सेवेसाठी अर्ज करता येतो. सामान्य प्रशासन विभागाचा तत्संबंधीचा शासन निर्णय १० जुलै २००८ चा आहे. दाखला मिळविण्यात महिना जातो आणि अर्ज भरण्याचे काम सहसा अखेरच्या दोन दिवसांवर येते. त्याच वेळी खात्यातून शुल्काची रक्कम वजा व्हावी आणि पडद्यावर ‘शुल्क अदा नाही’ असेच दिसत राहावे, हा प्रसंग अनेकांवर येतो. अशा वेळी मदतकक्षाला पाठवावयाचा संदेश कसा असावा आणि त्या संदेशावर कितपत विसंबावे, याचा येथे विचार केला आहे.

प्रथम असे का घडते ते पाहिले पाहिजे. शुल्क भरताना अर्जदाराची बँक, मध्यस्थ पेमेंट गेटवे आणि अर्ज ज्या खात्याचा आहे त्याचा संगणक अशा तीन ठिकाणी नोंद व्हावी लागते. बँक रक्कम वजा करते, तसे गेटवेला कळविते आणि गेटवे ती खबर अर्जाच्या संगणकाकडे पोहोचविते. ही अखेरची खबर पुष्कळदा अर्जदाराच्याच मोबाइलमधून, म्हणजे ‘थांबा, पान बंद करू नका’ असे लिहिलेल्या पानावाटे परत येते. नेमक्या त्या क्षणी मोबाइलची रेंज गेली, वीज गेली किंवा घाईने पान बंद झाले, की रक्कम निघते. तिची खबर मात्र वाटेत राहते. रोख पैसे खिडकीवर दिले आणि पावती फाडण्यापूर्वीच खिडकी बंद झाली, तसाच हा प्रकार होय.

यातून दोन अगदी भिन्न अवस्था उद्भवतात आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक मनस्तापाचे मूळ असते. पहिल्या अवस्थेत रक्कम खात्यातून निघाली, परंतु तो व्यवहार पूर्ण झाल्याची खबर गेटवेपर्यंत गेलीच नाही. ही रक्कम आपोआप परत यावयाची असते. ती मदतकक्षाच्या हाती नसते. दुसऱ्या अवस्थेत गेटवेकडे व्यवहार यशस्वी आहे, फक्त तो अर्जाला जोडला गेलेला नाही. येथे बँकेकडे तक्रार करून काही निष्पन्न होत नाही, कारण बँकेच्या दृष्टीने पैसे योग्य जागी पोहोचलेले असतात. हा अर्ज दुरुस्त करणे केवळ त्या खात्याच्या मदतकक्षालाच शक्य असते. आपली अवस्था कोणती हे ओळखण्याचा उपाय साधा आहे. पैसे पाठविण्याच्या ॲपमधील इतिहासात तो व्यवहार ‘प्रलंबित’ किंवा ‘अयशस्वी’ असेल तर बहुधा पहिली अवस्था. ‘यशस्वी’ असेल आणि दोन-तीन दिवसांनीही रक्कम परत आलेली नसेल तर दुसरीची शक्यता अधिक. बँकेचा ‘रक्कम वजा’ हा लघुसंदेश दोन्ही अवस्थांत सारखाच येत असल्यामुळे एकट्या त्यावरून काहीच ठरत नाही.

पहिल्या अवस्थेसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढले आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून अमलात आले. यूपीआय किंवा कार्डाने केलेल्या ऑनलाइन खरेदीत वा शुल्कभरणीत रक्कम वजा होऊन समोरच्याकडे खात्री पोहोचली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत केली पाहिजे. विलंब झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावयाची. ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने स्वतः खात्यात जमा करावयाची असते. पाच दिवस हे पंचांगातील दिवस होत. त्यातून रविवार किंवा सुटी वगळली जात नाही.

आता एक काल्पनिक परंतु नेहमीचे उदाहरण घेऊ. निपाणीजवळच्या एका गावातील उमेदवाराने महाराष्ट्रातील एका भरतीसाठी गुरुवार, १४ ऑगस्ट २०२५ रोजी सायंकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी ३९४ रुपये यूपीआयने भरले. रक्कम वजा झाली, अर्ज ‘शुल्क अदा नाही’ असाच राहिला. अर्जाची मुदत शनिवार, १६ ऑगस्टच्या रात्री ११.५९ पर्यंत आहे. उमेदवार मदतकक्षाला लिहितो, “सर, माझे पैसे कट झाले पण फॉर्म अनपेड दाखवतोय, लवकर काहीतरी करा.” या ओळीत तळमळ आहे, पण शोधता येईल असे काहीही नाही. शेकडो अर्जांतून हा अर्ज कोणता, शुल्क कोणत्या तारखेचे, हे विचारण्यासाठी कर्मचाऱ्याला उलट पत्र पाठवावे लागते आणि त्या एका फेरीत दोन दिवस जातात.

तोच संदेश असा असावयास हवा होता:

“विषय: शुल्क वजा, अर्जाची स्थिती ‘शुल्क अदा नाही’ – अर्ज क्रमांक (पडद्यावर दिसतो तसा). महोदय, वरील अर्जासाठी दि. 14-08-2025 रोजी सायं. 7.42 वाजता रु. 394 यूपीआयद्वारे भरले. UTR क्रमांक 522619047318. ॲपमध्ये व्यवहार यशस्वी दिसतो, दि. 15-08-2025 रोजी सकाळी 9 पर्यंत रक्कम परत आलेली नाही. रक्कम माझ्या स्वतःच्या खात्यातून गेली आहे. अर्जाची मुदत दि. 16-08-2025 आहे. कृपया या क्रमांकाची गेटवेकडे पडताळणी करून अर्जाची स्थिती दुरुस्त करावी. ॲपमधील व्यवहाराचे व अर्जाच्या पानाचे छायाचित्र जोडले आहे. नाव, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक.”

या संदेशाचा प्राण त्या बारा अंकी क्रमांकात आहे. ॲपमध्ये तो UTR किंवा ‘यूपीआय व्यवहार क्रमांक’ या नावाने असतो आणि बँकेच्या खातेउताऱ्यातही आढळतो. त्याचा पहिला अंक बहुधा वर्षाचा शेवटचा अंक असतो, आणि पुढील तीन अंक वर्षातील कितवा दिवस ते सांगतात. वरील क्रमांकात 5 म्हणजे २०२५, आणि 226 म्हणजे त्या वर्षाचा २२६ वा दिवस, अर्थात १४ ऑगस्ट. तारीख आणि हे अंक जुळत नसतील तर चुकून जुन्या व्यवहाराचा क्रमांक उतरवला गेला असण्याचा संभव आहे. क्रमांक देवनागरी अंकांत न लिहिता पडद्यावर दिसतो तसाच टंकावा, म्हणजे शोधणाऱ्यास तो सरळ उचलता येतो. एकाच विषयाचे निरनिराळे पाच संदेश पाठवू नयेत. प्रत्येकाला वेगळा तक्रार क्रमांक मिळतो आणि गुंतागुंत वाढते.

‘रक्कम माझ्या स्वतःच्या खात्यातून’ हे वाक्य अनेकांना अनावश्यक वाटेल, पण ते तसे नाही. खेड्यातील अर्ज पुष्कळदा सेवा केंद्रातून भरले जातात आणि शुल्क केंद्रचालकाच्या खात्यातून जाते. परतावा ज्या खात्यातून रक्कम निघाली त्याच खात्यात येतो. उमेदवार स्वतःच्या पासबुकात तो शोधत बसतो आणि पैसे मात्र चालकाकडे आठ दिवसांपूर्वीच परत आलेले असतात. म्हणून केंद्रातून निघण्यापूर्वी व्यवहार क्रमांक लिहून घ्यावा आणि संदेशात रक्कम केंद्रचालकाच्या खात्यातून गेल्याचे स्पष्ट सांगावे.

संदेश योग्य राज्याच्या मदतकक्षाकडे जातो आहे ना, हेही सीमाभागात पाहावे लागते. खाते निपाणीच्या बँकेत असले तरी तक्रार अर्ज ज्याचा त्याच्याकडेच करावयाची. चलनाने भरणा केला असेल तर खूण सोपी आहे: महाराष्ट्राच्या ‘ग्रास’ प्रणालीतील चलनाचा क्रमांक MH या अक्षरांनी सुरू होतो, कर्नाटकाच्या ‘खजाने-२’ मधील संदर्भ क्रमांक CR या अक्षरांनी.

आता उदाहरणाकडे परत येऊ, कारण खरी कसोटी पुढे आहे. संदेश उत्तम लिहिला तरी १५ ऑगस्ट हा सुटीचा दिवस. १६ ऑगस्टचा शनिवार हा कर्नाटकात तिसरा शनिवार असल्याने तेथील राज्य कचेऱ्यांचा नेहमीचा कामाचा दिवस. परंतु महाराष्ट्रात २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्यामुळे तेथील मंत्रालयीन कचेऱ्यांना त्या दिवशी सुटी. बेळगावच्या सवयीने ‘उद्या शनिवारी कोणीतरी उत्तर देईल’ असे मानणारा उमेदवार फसतो. संदेश वाचला जाण्याची खात्री सोमवार, १८ ऑगस्टपूर्वी नाही, आणि मुदत तर शनिवारी रात्री संपते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींतील सूचनाही याच दिशेच्या आहेत: व्यवहार अयशस्वी ठरला तर शुल्क विहित मुदतीतच पुन्हा भरावे लागते, आणि मुदतीत शुल्क न भरलेल्यांचा विचार होत नाही. मदतकक्षाला लिहिलेला संदेश मुदत वाढवून देत नाही.

यास्तव मुदत चार-पाच दिवस दूर असेल तर थांबणे योग्य. ती दुसऱ्या दिवशी संपत असेल तर नाही. अर्जात ‘शुल्काची स्थिती तपासा’ असे बटण असल्यास प्रथम ते दाबावे, एखादा तास थांबून पुन्हा पाहावे, आणि तरीही स्थिती न बदलल्यास शनिवारची दुपार होण्यापूर्वी शुल्क दुसऱ्यांदा भरावे. शक्य तर दुसऱ्या बँकेच्या खात्यातून. ३९४ रुपये काही दिवस अडकणे मजूर कुटुंबाला जड जाते हे खरे, पण अर्ज बाद होणे त्याहून जड आहे. पहिल्या संदेशाच्याच उत्तरात ‘दि. 16-08-2025 रोजी दुसऱ्यांदा शुल्क भरले, त्याचा क्रमांक हा, पहिल्या रकमेचा परतावा मिळावा’ अशी ओळ जोडावी.

पहिली रक्कम अयशस्वी व्यवहाराची असेल तर ती १९ ऑगस्टपर्यंत परत यावी. ती २३ ऑगस्टला आली, तर चार दिवसांच्या विलंबाचे ४०० रुपये तिच्यासोबत मिळावयास हवेत. दोन्ही भरणे खात्याकडे पोहोचले असतील तर दुहेरी शुल्काचा परतावा त्या खात्याच्या नियमाप्रमाणे; काही ठिकाणी भरलेले परीक्षा शुल्क परत न देण्याचाच नियम असतो, आणि ही जोखीम पत्करूनच दुसऱ्यांदा भरावे लागते. बँकेकडे लेखी तक्रार करूनही तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते.

मदतकक्षाचा क्रमांक मात्र जाहिरातीतून किंवा अर्जाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या क्रमांकावर पलीकडचा मनुष्य ‘परतावा पाठवितो, पिन टाका’ असे म्हणाला, तर तो परतावा नसून दुसरी वजावट आहे. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. तसे घडून गेले असल्यास १९३० या क्रमांकावर त्याच घटकेस कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळविली जाण्यापूर्वी ती गोठविता येण्याची शक्यता असते.