लाभांशाने भागधारक श्रीमंत होतो का?

कंपनीने लाभांश जाहीर केला की भागधारक खूश होतात. पण फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या अर्थतज्ज्ञांनी १९६१ साली वेगळेच दाखवून दिले. कर नाही, दलाली नाही, सगळ्यांना सारखीच माहिती आणि गुंतवणुकीचे बेत ठरलेले, अशा आदर्श बाजारात लाभांश कमी दिला काय किंवा जास्त, कंपनीचे मूल्य बदलत नाही.

आकडे मांडून पाहू. एका कंपनीचा व्यवसाय ९०० कोटींचा आहे, तिजोरीत १०० कोटी पडून आहेत आणि शेअर १० कोटी आहेत. एका शेअरची किंमत झाली १०० रुपये. तुमच्याकडे १०० शेअर, म्हणजे १०,००० रुपये. कंपनीने शेअरमागे १० रुपये लाभांश वाटला, तर तिच्याकडे ९०० कोटींचा व्यवसाय तेवढा उरतो आणि शेअर ९० रुपयांवर येतो. तुमच्या हाती १,००० रुपये रोख आणि ९,००० रुपयांचे शेअर. बेरीज तीच.

आता लाभांशाऐवजी कंपनीने बायबॅक केले आणि त्याच १०० कोटींत १ कोटी शेअर परत विकत घेतले. उरलेले ९ कोटी शेअर आणि ९०० कोटींचा व्यवसाय, म्हणजे भाव पुन्हा १००. शेअर कमी झाल्याने प्रतिशेअर नफा वाढलेला दिसतो, पण तिजोरीतली रोकडही तेवढीच गेलेली असते. कंपनीने काहीच वाटले नाही आणि तुम्हाला पैसे हवे असतील, तर १० शेअर विका, तेवढेच हाती येतील.

बायबॅक १२५ रुपयांनी केले तर? १०० कोटींत ८० लाख शेअरच येतात. उरलेल्या ९.२ कोटी शेअरांचा भाव ९८ रुपयांच्याही किंचित खाली जातो. विकणाऱ्याला झालेला फायदा न विकणाऱ्याच्या खिशातून आलेला असतो.

मग प्रत्यक्षात घोषणेनंतर भाव का हलतो? एक कारण कर. दुसरे कारण संकेत. जॉन लिंटनर यांनी १९५६ साली नोंदवले होते की एकदा वाढवलेला लाभांश पुन्हा कमी करणे व्यवस्थापक शक्यतो टाळतात. म्हणून लाभांशवाढ म्हणजे पुढच्या कमाईबद्दलचा भरवसा, असे बाजार समजतो. भाव वाढतो तो या बातमीमुळे. बायबॅक एकदाच केले जाते, दरवर्षीचे बंधन त्यात नसते, त्यामुळे त्याचा संकेत तुलनेने सौम्य असतो.

इन्फोसिसचे उदाहरण बोलके आहे. १८ ऑगस्ट २०१७ रोजी मुख्याधिकारी विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला आणि शेअर कोसळला. दुसऱ्याच दिवशी कंपनीने १३,००० कोटींचे बायबॅक जाहीर केले. दर होता १,१५० रुपये, बाजारभावापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त. तरीही सोमवारी बाजार उघडल्यावर शेअर आणखी घसरला. नेतृत्वाबद्दलची शंका रोख रकमेने फिटली नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी घोषणा वाचाल तेव्हा एवढेच पाहा: पैसा शिलकीतून येतो आहे की कर्जातून, आणि तो वाटण्यासाठी एखादा फायद्याचा प्रकल्प तर सोडून दिला नाही ना? प्रकल्प सोडला असेल, तर मूल्य खरोखरच घटते.