घर विकलं गेल्याचं पत्र

कोथरूडमधल्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटचं उदाहरण घेऊ. भाडं महिना २४,००० रुपये, डिपॉझिट एक लाख, १ जून ते ३० एप्रिल असा अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार. नोव्हेंबरच्या २० तारखेला घरमालकांचं पत्र येतं: "१८ तारखेला फ्लॅट विकला. यापुढचं भाडं नव्या मालकांच्या खालील खात्यात भरावं." खाली नाव, फोन, खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड.

भाडेकरूला पहिली धास्ती वाटते ती घर सोडावं लागेल का याची. ती अगदीच अनाठायी नाही. आपल्याकडचे बहुतेक अकरा महिन्यांचे करार भाडेपट्टे नसतात, 'लिव्ह अँड लायसन्स' असतात. भाडेपट्टा असेल, तर घर विकलं तरी तो सुरू राहतो आणि नवा मालक जुन्याच्या जागी येतो. जुन्या भाडेकरूंना, पागडीवाल्यांना, म्हणूनच निव्वळ विक्रीचं कारण सांगून बाहेर काढता येत नाही. लायसन्सचं मात्र वेगळं आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ सांगतं की, मालमत्ता विकत घेणारा केवळ खरेदीमुळे आधीच्या मालकाने दिलेल्या लायसन्सला बांधील होत नाही. आपल्या उदाहरणात डिसेंबर ते एप्रिल असे पाच महिने शिल्लक आहेत, आणि नव्या मालकांनी ते मान्य केल्याचं कागदावर काहीच नाही. मुदतीआधी घर सोडायची वेळ आली, तर आवरायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क आहे, आणि चूक नसताना बाहेर पडावं लागल्यास भरपाई मागता येते, पण ती जुन्या मालकांकडे. ते तोवर पैसे घेऊन दुसऱ्या गावी गेलेले असतात.

म्हणून या पत्रात खात्याच्या क्रमांकाहूनही मोलाचं वाक्य असायला हवं ते हे: "करार ३० एप्रिलपर्यंत त्याच अटींवर नव्या मालकांना मान्य आहे, आणि एक लाखाचं डिपॉझिट आम्ही त्यांच्याकडे सुपूर्द केलं आहे." त्याखाली दोघांच्याही सह्या हव्यात. डिपॉझिट तुम्ही जुन्या मालकांच्या हाती दिलेलं असतं. विक्रीच्या हिशेबात त्यांनी ते वळतं केलं की नाही, हे तुम्हाला दिसत नाही. नवे मालक एप्रिलमध्ये "मला काही मिळालंच नाही" म्हणाले, तर ही एक ओळच उपयोगी पडते. याहून पक्का मार्ग म्हणजे नव्या मालकांशी उरलेल्या काळाचा स्वतंत्र करार नोंदवणं. महाराष्ट्रात करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते, तेव्हा ही मागणी करताना संकोचू नये.

आता पैशांचं. नोव्हेंबरचं भाडं ५ तारखेलाच जुन्या मालकांना दिलेलं आहे. नवे मालक १९ ते ३० या बारा दिवसांचे, रोजचे ८०० प्रमाणे, ९,६०० रुपये तुमच्याकडे मागू लागले, तर ते देऊ नयेत. हा हिशेब त्या दोघांनी आपसात मिटवायचा. भाडेपट्ट्याच्या बाबतीत कायदा तर स्पष्टच सांगतो की, विक्रीची कल्पना नसताना जुन्या मालकाला दिलेलं भाडं नव्याला पुन्हा द्यावं लागत नाही. पत्र हाती पडल्यावर मात्र ही सबब चालत नाही. ५ डिसेंबरचं भाडं योग्य खात्यातच जायला हवं.

पण योग्य खातं कोणतं? "आजपासून या नंबरवर भाडं पाठवा" असा मेसेज कुणीही पाठवू शकतो. तो अनोळखी क्रमांकावरून आला, त्यात भाडं आजच भरण्याची घाई असेल आणि खातेदाराचं नाव मालकाच्या नावाशी जुळत नसेल, तर थांबावं. आधीपासून तुमच्याकडे असलेल्या क्रमांकावर जुन्या मालकांना फोन करून विचारावं. नव्या मालकांकडे खरेदीखताची 'इंडेक्स टू' मागावी. त्या एका पानावर विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, फ्लॅटचं वर्णन आणि नोंदणीची तारीख असते. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरही ती शोधता येते. सोसायटीच्या दप्तरी नाव चढायला वेळ लागतो, त्यामुळे सेक्रेटरी "आमच्याकडे अजून जुनंच नाव आहे" म्हणाले, म्हणून पत्र खोटं ठरत नाही.

मालक दोघे असतील, समजा नवरा-बायको, तर भाडं एकाच्या खात्यात भरण्याला दुसऱ्याची संमती पत्रातच घ्यावी. नोकरदारांनी नव्या मालकांचा पॅन क्रमांकही लगेच मागून ठेवावा. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं, की घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी कंपनी तो मागते. आपल्या उदाहरणात त्या आर्थिक वर्षात नोव्हेंबरपर्यंतच्या पावत्या जुन्या मालकांच्या आणि डिसेंबरपासूनच्या नव्यांच्या नावाने लागतील, म्हणजे पॅन क्रमांकही दोन द्यावे लागतील.