फोटोत न दिसणारं गळू

रात्री नऊच्या सुमाराला डॉक्टरांच्या फोनवर एक फोटो येतो. वडिलांची पोटरी लालसर आणि सुजलेली दिसते. खाली मुलाचा निरोप असतो: "डॉक्टर, दोन दिवस दुखतंय. फोटो अगदी स्पष्ट काढलाय, गोळी सांगाल का?"

फोटो खरोखरच स्पष्ट असतो आणि तरीही त्यावरून गोळी सांगता येत नाही. कारण अशा पोटरीत निदान दोन वेगळे प्रकार असू शकतात. पहिल्यात जंतुसंसर्ग त्वचेत आणि तिच्या खालच्या थरात पसरलेला असतो. डॉक्टर त्याला सेल्युलायटिस म्हणतात आणि त्यावर अँटिबायोटिक चालतं. दुसऱ्यात आत पू साठून गळू झालेलं असतं. साठलेल्या पुवात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे औषध तिथे पुरेसं पोहोचत नाही. मोठं गळू चीर देऊन रिकामं करावं लागतं. वरून दोन्ही सारखीच लाल दिसू शकतात. इथे चुकीचा उपचार झाला, तर रुग्ण चार दिवस गोळ्या घेत राहतो आणि पू आत वाढत राहतो.

गैरसमज : चांगल्या कॅमेऱ्याला सूज किती खोल आहे ते दिसतं.

कॅमेरा त्वचेवरून परतलेला प्रकाश टिपतो. त्वचेच्या एक-दोन सेंटिमीटर खाली काय आहे, हे तो प्रकाश सांगत नाही. आंबा पिकलाय की नाही हे आपण रंगावर सोडत नाही, दाबून बघतो. गळवाचंही तसंच आहे. डॉक्टर एका हाताची दोन बोटं सुजेच्या दोन बाजूंना हलकेच टेकवतात आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मध्ये दाबतात. आत पातळ पू असेल तर तो दाबाने बाजूला सरकतो आणि टेकलेली बोटं उचलली जातात. घट्ट सुजेत असं होत नाही. हीच तपासणी पुन्हा आडव्या दिशेने करतात, कारण स्नायूही एका दिशेने दाबला तर पाण्यासारखा हलतो आणि फसवतो.

बोटांनाही मर्यादा आहे. तळहात, तळपाय अशा जाड कातडीखाली पू खोल असेल तर तो बोटांना लवकर लागत नाही. तेव्हा सोनोग्राफी करतात. पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गाठ झाल्याचा संशय असेल, तरीही सोनोग्राफीच लागते. पण तो संशयही बहुतेक वेळा पाय समोर पाहून, दाबून आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजूनच येतो.

गैरसमज : लाल दिसतंय म्हणजे गरम असणारच.

अंगातून बाहेर पडणारी उष्णता दूरच्या अवरक्त किरणांच्या रूपात असते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा त्यांची तरंगलांबी दहा-पंधरा पटींहून जास्त असते आणि फोनचा साधा कॅमेरा ती टिपूच शकत नाही. रंगावरही भिस्त ठेवता येत नाही. पिवळ्या बल्बखाली निरोगी त्वचाही लालसर दिसते, तर सावळ्या त्वचेवर खरी लाली नुसती काळपट किंवा जांभळट दिसू शकते. म्हणून डॉक्टर हाताची मागची बाजू आधी निरोगी पायाला लावतात, मग दुखऱ्या पायाला. दोन पायांतला फरक त्यांना हवा असतो.

गैरसमज : कुठे दुखतं ते रुग्ण सांगतोच, दाबून बघायचं कशाला?

आपोआप दुखणं वेगळं आणि दाबल्यावर दुखणं वेगळं. दाबताना अनुभवी डॉक्टरांची नजर बोटांपेक्षा रुग्णाच्या चेहऱ्यावर असते. कपाळाला आठी कुठे पडली, पाय कुठे मागे घेतला, यावरून दुखण्याची हद्द कळते. ही हद्द लालीच्या बऱ्याच पलीकडे असली, किंवा वरून किरकोळ दिसणाऱ्या जागी रुग्ण असह्य कळवळत असला, तर संसर्ग खोल थरांत वेगाने पसरत असल्याची शंका घ्यावीच लागते. दाबताना कातडीखाली हवेचे बुडबुडे चुरचुरले, तर ती शंका आणखी बळावते. अशा रुग्णाला काही तासांत शस्त्रक्रिया लागू शकते. आणि नेमक्या याच आजारात सुरुवातीचा फोटो सगळ्यात साधा दिसतो.

मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर हे गणित उलटतं. आत पू असूनही रुग्ण म्हणतो, "फारसं दुखत नाही." म्हणून अशा पायाच्या फोटोवर विसंबणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं.

फोटो एका कामाला मात्र उत्तम असतो. डॉक्टरांनी पाय तपासल्यावर लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढावी आणि रोज त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढावा. लाली रेघेबाहेर जातेय की आत येतेय, ते त्यात नीट दिसतं.

पण पहिली तपासणी हातानेच होऊ द्या. सुजेबरोबर ताप असेल, लाली तासागणिक पसरत असेल, दुखणं सहन होत नसेल किंवा रुग्णाला मधुमेह असेल, तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका. त्याच रात्री रुग्णाला दवाखान्यात घेऊन जा.