पालकसभेत मांडायचा साबणाचा हिशेब

शाळा आणि आरोग्य : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण शाळेतल्या पिण्याच्या पाण्याचा विचार केला. आज त्याच नळापाशी थांबून हात धुण्याबद्दल बोलू. दुर्ग-भिलाई या जोडशहरांतल्या पद्मनाभपुरात शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि मागोमाग पाऊस येतो. जुलैपर्यंत वर्गात सर्दी, ताप, जुलाब यांची ये-जा सुरू होते. म्हणून सत्राच्या पहिल्या पालकसभेत मुख्याध्यापक स्वच्छतेवर बोलतात, आणि बहुतेक वेळा ते भाषण “मुलांना चांगल्या सवयी लावा” इथेच संपतं. माझं म्हणणं असं की, या भाषणात उपदेश कमी आणि व्यवस्थेचा हिशेब जास्त हवा. हात धुण्याची सवय लागते ती नळाशी असलेल्या साबणामुळे आणि ठरलेल्या वेळेमुळे.

याला चांगला पुरावा आहे. २००८ साली कैरोतल्या ६० प्राथमिक शाळांत एक अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या शाळांत मुलांनी रोज शाळेतच दोनदा साबणाने हात धुवायचे, असा नेम घातला. त्या शाळांत फ्लूसारख्या आजारामुळे होणारी गैरहजेरी सुमारे ४० टक्क्यांनी घटली. कराचीच्या वस्त्यांमधला २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही असाच बोलका आहे. ज्या घरांना साबण दिला आणि तो वापरण्यासाठी पाठपुरावा केला, त्या घरांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये न्यूमोनिया निम्म्यावर आला. महागडा जंतुनाशक साबण आणि साधा साबण यांच्या परिणामात फरक पडला नाही. त्यामुळे “आम्हाला परवडत नाही” ही अडचण बरीचशी सुटते. साबण जंतूंना हातावरून सुटे करतो आणि वाहतं पाणी त्यांना घेऊन जातं. त्यासाठी अंगठा, बोटांच्या बेचक्या आणि नखं मात्र नीट चोळली गेली पाहिजेत, कारण घाईत नेमकी तीच राहून जातात.

खरी अडचण जेवणाच्या सुट्टीत येते. समजा, शाळेत ४०० मुलं आणि आठ नळ आहेत. प्रत्येक मुलाने नळाखालीच उभं राहून हात भिजवले, २० सेकंद चोळले आणि धुतले, तर अर्धा मिनिट लागतं. एका नळावर ५० मुलं म्हणजे २५ मिनिटं झाली, सुट्टी तिथेच संपली! मग मुलं बोटं ओली करून ताटाकडे पळतात. पण चोळायला नळ लागत नाही. हात भिजवून साबण लावायचा, बाजूला सरकून चोळायचे आणि पुन्हा नळाखाली धरायचे. असं केलं तर एका मुलाला नळ दहा सेकंद पुरतो आणि सगळं काम आठ-नऊ मिनिटांत आटोपतं. साबणाची वडी हरवते किंवा चिखलात पडते, ही तक्रारही खरी आहे. त्यावर दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर घालून, झाकणाला भोक पाडलेली बाटली नळाशी बांधून ठेवता येते. मुख्याध्यापकांनी सभेत हा हिशेब मांडावा आणि बाटली रोज कोण भरणार, हेही सांगावं.

खोकल्याबाबत दावे जपूनच करायला हवेत. खोकताना तळवा तोंडावर धरला की तोच हात पुढे बाकाला, दाराच्या कडीला आणि मित्राच्या डब्याला लागतो. म्हणून कोपराच्या आतल्या बाजूत खोकायचं. पण पिट्सबर्गच्या दहा शाळांत २००७-०८ साली हात धुणं आणि खोकण्याची शिस्त दोन्ही शिकवल्यावरही फ्लूचं एकूण प्रमाण लक्षणीय घटलं नाही. ‘ए’ प्रकारचा फ्लू मात्र निम्म्याने कमी झाला आणि गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. खोकल्यातले बारीक थेंब हवेत तरंगत राहतात, ते कोपराने पूर्ण अडत नाहीत. त्यासाठी पावसातही वर्गाच्या खिडक्या जमेल तितक्या उघड्या हव्यात, आणि तापाचं मूल घरी राहायला हवं. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल, तरच त्याला शाळेत पाठवावं. आईवडील दोघं नोकरीला जात असतील तर हे अवघड असतं, हे मान्य. म्हणूनच शंभर टक्के हजेरीचं बक्षीस शाळेने आधी बंद करावं. ते बक्षीस आजारी मुलालाही वर्गात ओढून आणतं.

“मातीत खेळल्याशिवाय प्रतिकारशक्ती कशी येईल?” असं आजी-आजोबा विचारतात. मुलांनी मातीत जरूर खेळावं. आग्रह आहे तो फक्त दोन वेळांचा : शौचानंतर आणि जेवणाआधी. या दोन वेळा पाळल्या म्हणून मूल नाजूक होत नाही, जुलाबाचे जंतू मात्र घासाबरोबर पोटात जायचे टळतात.

पालकांनी येत्या सभेत मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचाराव्यात : नळाशी साबण रोज असतो का, जेवणाआधी हात धुवायला वेळ राखून ठेवला आहे का, आणि तापामुळे घरी राहिलेल्या मुलाचा अभ्यास कसा भरून निघेल? आणि घरी मोरीपाशी मुलाच्या हाताला येईल अशा जागी साबण ठेवावा.