‘जमलं तर’ म्हणू नका, वेळ सांगा

न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात फ्रान्सची तरुण मुलगी वर्षभर राहायला येते, मुलांना सांभाळते, घरातलीच होऊन जाते. तिला तिथे ‘ओ पेअर’ म्हणतात. अमेरिकी सरकारच्या नियमांनुसार तिचं वय 18 ते 26 असावं लागतं आणि राहायला स्वतंत्र खोली द्यावी लागते. दिवसाला जास्तीत जास्त 10 तास आणि आठवड्याला 45 तासच काम सांगता येतं. दर आठवड्याला दीड दिवस सुट्टी असते, महिन्यातून एकदा शनिवार-रविवार पूर्ण मोकळा. म्हणजे ती कामवाली नव्हे आणि पाहुणीही नव्हे. तिला आठवण कशी करून द्यायची, हा प्रश्न म्हणूनच अवघड होतो.

आपल्याकडची माणसं संकोचली की ‘जमलं तर’ लावून बोलतात. ‘जमलं तर आज जरा लवकर जाशील का शाळेत?’ ही हुकूमवजा विनंती मराठी घरात कुणालाही कळते. तेच वाक्य जसंच्या तसं फ्रेंचमध्ये गेलं, की मुलीला ते ऐच्छिक वाटतं. जमलं नाही, म्हणून ती नेहमीच्या वेळेला निघते आणि सहा वर्षांचं पोर शाळेच्या ऑफिसात बसून राहतं. मऊपणा हवाच, पण तो बोलण्याच्या सुरात असावा. वेळेत नको.

शाळेच्या वेळांमध्ये दोन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिली तारखेची. शाळेने वाटलेल्या कागदावर ‘लवकर सुटणार: 12/6’ असं असतं. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे हा 6 डिसेंबर. फ्रान्समध्ये, आपल्यासारखाच, दिवस आधी. तिने तो 12 जून वाचला तर त्यात तिची चूक काय? दुसरी घड्याळाची. तिला लहानपणापासून 24 तासांची वेळ लिहायची सवय आहे, तेव्हा 3:10 ऐवजी 15:10 लिहिलेलं बरं. शिवाय सुटण्याची वेळ आणि घरातून निघायची वेळ वेगवेगळी सांगावी. गाड्यांच्या रांगेत शिरायचं असेल तर पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, आणि नव्या माणसाला त्याचा अंदाज नसतो.

मग आदल्या संध्याकाळचा निरोप साधारण असा होतो: ‘पेती रापेल (छोटीशी आठवण)! उद्या, बुधवार, 6 डिसेंबर. शाळा 12:50 ला सुटेल, 15:10 ला नाही. घरातून 12:30 ला निघ. ओळखपत्र जवळ ठेव. उशीर होतोय असं वाटलं तर लगेच मला फोन कर. मेर्सी!’ यात वार आहे, महिन्याचं नाव अक्षरात आहे आणि नेहमीची कुठली वेळ रद्द झाली तेही आहे. ओळखपत्राचं कारण असं, की पुष्कळ शाळा मूल कुणाच्या हवाली करायचं त्यांची यादी ठेवतात. तिचं नाव पालकांनी आधीच लेखी दिलेलं नसेल, तर ती वेळेवर पोचूनही मूल हाती मिळत नाही.

घरातल्या नियमांचंही तसंच आहे: वस्तूचं नाव घेतल्याशिवाय नियम पोचत नाही. फ्रान्समध्ये मुलं शाळेतून आली की चारच्या सुमाराला ‘गुते’ असतो, आपल्या मधल्या वेळच्या खाण्यासारखा. ती प्रेमाने मुलांच्या हातावर रंगीत चघळायच्या गोळ्या ठेवते. ‘आमच्या घरी मांसाहार नाही’ हे तिला ठाऊक असतं, पण अशा बऱ्याच गोळ्यांत जिलेटिन असतं आणि ते जनावरांपासून काढतात, हे तिच्या ध्यानात यायचं कारण नाही. तेव्हा ‘जिलेटिन असलेल्या गोळ्या नकोत, वेष्टनावर बघ’ असं सांगावं आणि तिला चालतील असे दोन पर्याय फळीवर ठेवून द्यावेत. हा खाऊ द्यायची तिची आवड मोडू नये, मुलांना ती फार हवीहवीशी असते.

आठवणी मात्र तिच्या सुट्टीच्या दिवशी पाठवू नयेत. रविवारी लायब्ररीत किंवा मैत्रिणींबरोबर असताना ‘भांडी राहिलीत’ असा निरोप आला, तर घर आणि काम यांतली सीमाच पुसते. आठवड्याचं बोलणं एका ठरलेल्या वेळी, समोरासमोर व्हावं. उशीर झालाच असेल तर ‘तू नेहमीच’ने सुरुवात न करता ‘मंगळवारी 15:25 झाले, कुठे अडकलीस?’ असं विचारावं. बहुतेकदा उत्तर साधं निघतं: पार्किंग मिळालं नाही, किंवा शाळेचं दुसरंच दार ठाऊक होतं.

बर्फाच्या दिवसांचं आधीच ठरवून ठेवावं. शाळा बंद असल्याचा निरोप भल्या पहाटे येतो आणि तो बहुधा पालकांच्याच फोनवर. शाळेची परवानगी असेल तर तिचाही नंबर त्या यादीत घालून घ्यावा. आणि हिशेबही करावा. एरवी ती सकाळी 7 ते 9 आणि दुपारी 3 ते 7, असे सहा तास काम करत असेल, तर शाळा बंद पडल्यावर सकाळी 7 ते संध्याकाळी 7 म्हणजे बारा तास होतात. दहाची मर्यादा ओलांडली जाते, म्हणून त्या दिवशी आईवडिलांपैकी एकाने निदान दोन तास मुलांजवळ थांबायला हवं, आणि कुणी थांबायचं ते हिवाळा सुरू व्हायच्या आतच तिला कळवावं.