निकोटिन पॅच, गम की व्हॅरेनिक्लिनची गोळी? तंबाखू सोडताना काय, किती आणि किती दिवस घ्यायचं

२ मिलिग्रॅमचा निकोटिन गम आपल्याकडे मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. त्यामुळे सिगरेट सोडायची ठरवलं की बरेच जण आधी तोच घेतात, साध्या च्युइंगमसारखा चघळतात आणि चार दिवसांत "उचक्या लागतात, छातीत जळजळतं, फरक तर काहीच नाही" म्हणून बंद करतात. अशा वेळी गम वाईट नसतो, चघळण्याची पद्धत चुकलेली असते.

हे समजायला आपला तंबाखू-चुना आठवा. तंबाखूत चुना का मळतात? चुना अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी तोंडात निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून पटकन रक्तात जातं. गममध्येही याच कामासाठी सौम्य क्षार घातलेले असतात. पण तुम्ही आधी कॉफी, कोल्ड्रिंक किंवा लिंबू सरबत प्यायलात तर तोंड आम्लधर्मी होतं आणि निकोटिन आत शिरत नाही. भराभर चघळून लाळ गिळली तर ते पोटात जातं, तिथून यकृतात जाऊन बरंचसं वाया जातं. मागे उरतात त्या उचक्या आणि जळजळ.

म्हणून गम हळूहळू चावायचा. तोंडात तिखट चव किंवा झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि तो गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, अगदी तंबाखूचा बार धरतात तसा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा. एक गम साधारण अर्धा तास असा चालतो. आधीची १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काहीही खायचं-प्यायचं नाही.

पॅचचं काम वेगळं आहे. तो त्वचेतून दिवसभर थोडं थोडं निकोटिन सोडत राहतो. त्यामुळे चिडचिड आणि बेचैनी कमी राहते, पण चहाच्या टपरीवर अचानक आलेली तलफ तो लगेच मारू शकत नाही. ते काम गमचं. त्यामुळे दोन्ही एकत्र वापरले तर एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा जास्त लोकांची सिगरेट सुटते, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

व्हॅरेनिक्लिनच्या गोळीत तर निकोटिनच नसतं. मेंदूत निकोटिन ज्या जागी जाऊन बसतं, तीच जागा ही गोळी अडवते आणि तिथून अर्धामुर्धा इशारा देत राहते. तेवढ्यावर तलफ निभावते. वर कुणी सिगरेट ओढलीच तर जागा आधीच भरलेली असल्यामुळे नेहमीची मजा येत नाही. ही गोळी मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, चाळिशीचा एक रिक्षाचालक दिवसाला १५ सिगरेटी ओढतो आणि पहिली सिगरेट उठल्यावर २० मिनिटांत पेटवतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर सवय घट्ट आहे असं धरतात. नुसता गम घ्यायचा तर अशा माणसाला २ नव्हे, ४ मिलिग्रॅमचा लागतो. २ चा घेऊन "उपयोग नाही" म्हणणाऱ्यांत असे लोक बरेच असतात.

त्याने पॅच निवडला तर दिवसाला १० पेक्षा जास्त सिगरेटी असल्यामुळे सुरुवात २१ मिलिग्रॅमने होईल. रोज एक पॅच, सहा आठवडे. मग १४ मिलिग्रॅमचा दोन आठवडे आणि ७ चा दोन आठवडे. म्हणजे दहा आठवडे, ७० पॅच. सिगरेट सोडायची ती पहिला पॅच लावला त्याच दिवशी. पॅच रोज नव्या जागी लावायचा, नाहीतर त्वचा लाल होऊन खाजते. रात्री झोप येत नसेल किंवा विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवता येतो. सोबत तलफेला गम. नुसता गम असेल तर पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी आणि शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी एक घेतात. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही.

त्याने गोळी निवडली तर पहिल्या आठवड्यात सिगरेट चालू ठेवायची मुभा आहे. पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅमची एक गोळी, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत तीच सकाळ-संध्याकाळ, आणि आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ. सिगरेट सोडायचा दिवस आठवा. एकूण कोर्स १२ आठवड्यांचा.

या गोळीचा सगळ्यात मोठा त्रास मळमळ. साधारण तिघांतल्या एकाला ती होते. उपाशीपोटी घेतली तर जास्त, म्हणून जेवणानंतर ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची. तरीही होत असेल तर डॉक्टर डोस कमी करतात. स्वप्नं फार पडत असतील तर संध्याकाळची गोळी थोडी लवकर घेतात. गरगरतं किंवा झोप येते का, हे कळेपर्यंत गाडी जपून चालवायची, आणि आपला माणूस रिक्षावाला असल्यामुळे त्याने हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. दारूही या गोळीवर जास्त चढू शकते. किडनीचा गंभीर आजार असेल तर डोस निम्मा होतो. आधी फिट आली असेल तर ते लपवायचं नाही.

"या गोळीने डोकं बिघडतं" असंही ऐकू येतं. ते हवेतून आलेलं नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांबद्दल गोळीच्या खोक्यावर ठळक इशारा छापायला लावला होता. नंतर आठ हजारांहून जास्त लोकांवर 'ईगल्स' नावाची चाचणी झाली. त्यातल्या साधारण निम्म्या लोकांना आधीपासून मानसिक आजार होते. तरीही गोळी घेणाऱ्यांत असे त्रास पॅच किंवा खोट्या गोळीपेक्षा ठळकपणे जास्त दिसले नाहीत आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये तो इशारा काढला गेला. मनःस्थितीत विचित्र बदल जाणवला तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठायचं, ही सूचना कायम आहे.

याच चाचणीत नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सिगरेटपासून पूर्ण लांब राहिलेले लोक असे होते: व्हॅरेनिक्लिन घेणाऱ्या १०० पैकी सुमारे २२, पॅचवाले १६ आणि खोटी गोळी घेणारे ९. गोळी पुढे आहेच. पण इथे तुलना एकट्या पॅचशी होती. पॅच आणि गम जोडीने वापरले तर हे अंतर बरंच कमी होतं. त्यामुळे गोळी सोसत नसेल तर जोडी हा कमअस्सल पर्याय मानायचं कारण नाही. गरोदर महिला आणि नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले लोक यांनी मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

डोस जास्त झालाय की कमी, हे पॅच-गमवाल्यांना ओळखता येतं. मळमळ, थंड घाम, गरगरणं, छातीत धडधड म्हणजे निकोटिन जास्त होतंय. चिडचिड, सतत भूक, लक्ष न लागणं आणि तलफ म्हणजे कमी पडतंय. दुसऱ्या प्रकारात लोक औषधालाच दोष देतात, खरं तर तेव्हा डोस वाढवायची गरज असते.

महाराष्ट्रात अजून एक अडचण आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, तर तंबाखू, खर्रा, मशेरी, गुटखा असा बिनधुराचा तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. पण खोक्यावरचे डोस मोजलेत सिगरेटींवर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये बिनधुराच्या तंबाखूसाठीही निकोटिनची औषधं किंवा व्हॅरेनिक्लिन हे पर्याय सुचवलेत. अशा वेळी डोस ठरवायला पुडीचा आकार, दिवसातल्या खेपा आणि उठल्यावर किती वेळात पहिली लागते हे डॉक्टरांना सांगावं लागतं. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवरही फुकट समुपदेशन मिळतं.

आणि खर्रा-गुटख्याच्या सुपारीमुळे ज्यांचं तोंडच नीट उघडत नाही, तिखट लागलं की आत आग होते, त्यांनी मेडिकलमधून गम घेण्याआधी दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवावं. त्यांना गम चघळणं आणि गालात धरून ठेवणं दोन्ही जड जातं. अशा माणसासाठी पॅच किंवा गोळी हाच विचार आधी होतो.