पिराचा राग, मुरिदाचा हक्क

तेराव्या शतकात पंजाबातल्या अजोधनच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या पाकपट्टणच्या खानकाहमध्ये बाबा फरीद आपल्या मुरिदांना एक ग्रंथ शिकवत होते. बगदादच्या शेख शिहाबुद्दीन उमर सुहरावर्दी (मृत्यू १२३४) यांचा हा ‘अवारिफुल मआरिफ’. सूफी मार्गावर कसं वागावं, हे सांगणाऱ्या या ग्रंथात मुरिदाने पिराशी कसं वागावं यावर एक प्रकरण आहे आणि त्याला लागूनच पिराने मुरिदाशी कसं वागावं यावर दुसरं.

बाबांची प्रत बारीक अक्षरातली होती, तिच्यात चुकाही होत्या. वाचताना बाबा मध्येच अडत. समोर बसलेला तरुण निजामुद्दीन सहज बोलून गेला, की शेख नजीबुद्दीनांकडे याची चांगली प्रत आहे. नजीबुद्दीन हे बाबांचे धाकटे भाऊ. थोड्या वेळाने बाबा म्हणू लागले, की या फकिराला सदोष प्रत दुरुस्त करता येत नाही की काय! हे त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं, पण कोणाचं नाव घेतलं नाही. रोख आपल्यावर आहे, हे निजामुद्दीनांच्या ध्यानातच आलं नाही. शेजारच्या बद्रुद्दीन इसहाकने सांगितलं, तेव्हा ते उठले आणि डोकं उघडं करून बाबांच्या पायांवर पडले.

त्यांचं चुकलं काय, याचं उत्तर त्याच ग्रंथात सापडतं. शेखच्या पुढे मुरिदाने विचारल्याशिवाय बोलू नये, आवाज चढवू नये, प्रश्न असेल तर शेखची वेळ आणि मनःस्थिती पाहून विचारावा, असं तो सांगतो. पैगंबरांसमोर पुढे-पुढे करू नये आणि त्यांच्या आवाजावर आवाज चढवू नये, ही कुराणातली शिकवण त्याच्या मुळाशी आहे. शेखच्या समोर नमाजाच्या वेळेखेरीज आपलं आसनही पसरू नये, इतक्या बारकाव्यापर्यंत हे नियम जातात. पण मुरिदाने नुसतं गप्प राहायचं असंही नाही. मनात काय चाललं आहे ते त्याने शेखपासून लपवायचं नाही, कारण दुखणं कळल्याशिवाय उपचार होत नाही.

पुढच्या प्रकरणात बंधनं शेखवर येतात. मुरीद जमवण्याची हौस धरू नये. ज्याची जेवढी कुवत, तेवढंच त्याच्यावर टाकावं. मुरिदाच्या पैशाची आणि सेवेची आशा ठेवू नये. त्याने मन मोकळं केलं तर ते गुपित राखावं. तो भक्तिभावाने आला आहे म्हणून त्याला गृहीत धरू नये, आजारपणातही त्याचा हक्क पाळावा. आणि मुरिदाचं काही चुकलं तर थेट त्याच्यावर ठपका न ठेवता सगळ्यांना उद्देशून बोलावं, म्हणजे ज्याचं त्याला कळेल.

बाबांनी नाव न घेता तेच वाक्य का घोळवलं, ते इथे उमगतं. रागातही त्यांनी पिराची पद्धत सोडली नव्हती.

तरीही माफी लगेच मिळाली नाही. निजामुद्दीन सैरभैर होऊन बाहेर पडले. एका विहिरीपाशी आल्यावर जीव द्यावा, असंही त्यांच्या मनात आलं. पिराचा धाक किती खोल जाऊ शकतो आणि त्यात किती धोका आहे, हे या एका प्रसंगातून दिसतं. अखेर बाबांचे पुत्र आणि निजामुद्दीनांचे मित्र शिहाबुद्दीन यांनी रदबदली केली. मग बाबांनी त्यांना बोलावून घेतलं, हे सारं तुझ्या घडणीसाठीच केलं असं समजावून सांगितलं आणि अंगावर वस्त्र घातलं.

निजामुद्दीनांनी ही आठवण उतारवयात दिल्लीत सांगितली. ‘फवाइदुल फुआद’मध्ये ती टिपून ठेवणारे कवी अमीर हसन पुढे दौलताबादला आले. त्यांची कबर आपल्या खुलताबादला आहे.

तिथेच निजामुद्दीनांचे मुरीद बुऱ्हाणुद्दीन गरीबही विसावले आहेत. म्हातारपणी पाय दुखायचे, म्हणून ते घडी घातलेल्या घोंगडीवर बसत. ते शेखच्या थाटात बसतात, अशी चुगली निजामुद्दीनांच्या कानावर गेली आणि त्यांनी बुऱ्हाणुद्दीनांना दूर केलं. शेवटी अमीर खुसरो गळ्यात पगडी अडकवून पिरापुढे उभे राहिले, तेव्हा क्षमा मिळाली.

दोन्ही वेळा नातं तुटता तुटता वाचलं, ते मध्ये पडणाऱ्या तिसऱ्या माणसामुळे. ग्रंथातली प्रकरणं पीर आणि मुरीद या दोघांचीच आहेत. पण मुरिदाचं देणं सगळ्यांना दिसतं, पिराचं देणं बहुतांशी त्याच्या संयमात असतं. तो संयम ढळला तर मुरिदाला स्वतःहून बोलायची मुभा नाही. त्याच्या वतीने शब्द टाकणारं कुणीतरी खानकाहमध्ये असणं म्हणूनच गरजेचं होतं, आणि ती रदबदली ऐकून घेणं हेही पिराचं देणंच होतं.